दोन दिवसांचा पहिलवान

सनदी लेखापालाला शरीर असतं, पण ते हंगामी असतं. जुलैत लोकांची रिटर्न्स, सप्टेंबरात टॅक्स ऑडिट, ऑक्टोबरात ऑडिटवाल्यांची रिटर्न्स आणि दर महिन्याच्या २० तारखेला जीएसटी. एवढ्या तारखांतून वाट काढताना मान, मनगट आणि खुर्चीला टेकलेला भाग एवढेच अवयव कामावर हजर असतात. जिमवाल्यांचं मात्र आमच्यासारख्यांवर मनापासून प्रेम असतं. वर्षाची फी एकरकमी मिळते आणि मशीनची झीज होत नाही.

माझ्या जिममधल्या ट्रेनरने मला जो तक्ता दिला होता त्यात सोमवारी चेस्ट, मंगळवारी बॅक, बुधवारी लेग्ज, असं करत शनिवारपर्यंत शरीराचा एकेक प्रांत वाटून दिलेला होता. ज्याने हा तक्ता शोधला त्याला ३० सप्टेंबर ही तारीख कुणी सांगितलेली नसणार. मी म्हटलं, "मला आठवड्याचे दोन दिवस जमतील. तेही अर्धा-अर्धा तास." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी क्लायंटकडे पाहतो जेव्हा तो म्हणतो की पावत्या नाहीत, पण खर्च खरा आहे.

पण माझ्याकडे पावती होती. बर्मिंगहॅम इथल्या अलाबामा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी ७० माणसांकडून १६ आठवडे पायांचा कसून व्यायाम करून घेतला. तीन व्यायाम, प्रत्येकाचे तीन सेट, आठवड्यातून तीनदा. म्हणजे आठवड्याला २७ सेट. मग पुढच्या ३२ आठवड्यांसाठी त्यांचे गट पाडले. काहींचा व्यायाम बंदच केला, काहींचा एक तृतीयांशावर आणला आणि काहींचा थेट एक नवमांशावर. या शेवटच्या मंडळींना आठवड्यातून एकदा यायचं आणि तीन सेट मारून घरी जायचं. त्यांतल्या विशी-तिशीतल्यांचे स्नायू ३२ आठवड्यांनंतरही जागच्या जागी होते. कमावलेलं टिकवायला कमावण्याच्या मानाने फारच थोडं लागतं. एक अट होती. सेट कमी झाले, दिवस कमी झाले, पण वजन कमी केलेलं नव्हतं.

आम्हा ऑडिटवाल्यांना हे समजायला जड जात नाही. हजार व्हाउचरं कुणीच तपासत नाही. थोडी निवडतो, पण निवडलेली मोठी असतात आणि ती तपासताना दयामाया नसते. स्नायूंचंही तसंच आहे. त्यांना जड काहीतरी नियमाने उचलावं लागलं, तरच त्यांना पोसायचं की नाही याचा निकाल शरीर त्यांच्या बाजूने देतं.

आमचे भागीदार याच्या बरोबर उलट करतात. हंगामातही ते रोज जिमला जातात, कारण 'खंड पडता कामा नये'. पण थकलेले असतात म्हणून वजन निम्मं घेतात. एका हातात डंबेल आणि कानाला फोन. मी स्वतः त्यांना बायसेप्स मारता मारता क्लायंटला टीडीएसचं कलम समजावताना ऐकलंय, आणि आवाजात जराही धाप नव्हती. तोच पुरावा. सेट चालू असताना कलम, पोटकलम आणि परंतुक सांगता येत असेल, तर त्या सेटची नोंद स्नायूंच्या वहीत होत नाही. दिवाळीनंतर जुन्या वजनाखाली झोपले तेव्हा बार छातीपर्यंत आला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. दोघांनी उचलून काढला.

माझा तक्ता असा. सोमवारी स्क्वॉट, बेंच प्रेस आणि सीटेड रो. गुरुवारी रोमेनियन डेडलिफ्ट, ओव्हरहेड प्रेस आणि लॅट पुलडाऊन. पायांचं एक, ढकलायचं एक, ओढायचं एक, एवढ्यात मोठे स्नायू जवळपास सगळे येतात. प्रत्येकाचे दोन सेट. बायसेप्ससाठी वेगळा वेळ नाही. ओढताना ते आपोआप राबतात.

सोमवारचा हिशेब मांडतो. हंगामाआधी माझा स्क्वॉट ६० किलोचा, ८ रेप्सचा होता, तर हंगामातही ६०च. पाच मिनिटं अंग गरम करायचं, मग नुसता बार, मग ४० किलो, आणि मग ६०चे दोन सेट, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. ही दोन मिनिटं वाचवायची नाहीत, नाहीतर दुसऱ्या सेटमध्ये पायांऐवजी फुप्फुसं राजीनामा देतात. वेळ वाचवायचा तो पुढे. बेंच आणि रो आलटून-पालटून करायचे. छाती राबते तेव्हा पाठ आराम करते. अर्ध्या तासात कपडे बदलायला निघता येतं.

सेट कुठे थांबवायचा? आणखी एखाद-दोन रेप्स निघतील, असं वाटेल तिथे. ओळखायची खूण म्हणजे वेग. आपण पहिल्याच जोराने ढकलतो आणि बार मात्र सरकारी फाइलीसारखा सरकू लागतो, तेव्हा सीमा जवळ आली. आठव्या रेपला बार पहिल्याइतकाच सुसाट असेल, तर वजन हलकं आहे.

सगळं वहीत लिहायचं, कारण आरसा खोटं बोलतो. चार दिवस खाडा झाला की दंड सपाट दिसतात. ते बहुतेक साठवलेलं ग्लायकोजेन आणि पाणी उतरलेलं असतं, स्नायू नव्हे. वही खरं सांगते. एखाद्या गुरुवारी ८ ऐवजी ६ रेप्स निघाल्या तर दोष आदल्या रात्रीच्या जागरणाचा. पण सलग तीन आठवडे आकडा घसरत असेल, तर मात्रा कमी पडतेय. त्या व्यायामाचा एक सेट वाढवायचा. आणि ताटात काय आहे तेही बघायचं. हंगामात ऑफिसचा आहार वडापाव आणि चहा यांच्या भागीदारीत चालतो, आणि त्या फर्ममध्ये प्रथिनांना हिस्सा नसतो.

मग दिवस दोनच का, एक का नाही? कारण गुरुवारी चारला क्लायंट येतो आणि म्हणतो, "पाच मिनिटांचं काम आहे, साहेब." गुरुवार गेला तरी सोमवार शिल्लक असतो, आणि महिन्यातून एखादा आठवडा एकावर भागला तर काही बिघडत नाही.

या तक्त्याने नवा स्नायू फारसा येत नाही, आणि जिना चढतानाची धापही जात नाही. त्यासाठी चालणं वेगळं. आणखी एक मोठी अट त्या अभ्यासातच आहे, ती आमच्या घरात फार महागात पडली. बाबा अडुसष्ट वर्षांचे. दोन वर्षांपासून तेही जिमला येतात. माझा तक्ता पाहून म्हणाले, "मलाही एवढंच पुरेल की!" मला सांगावं लागलं की साठीपुढच्या मंडळींची ताकद कमी मात्रेवर बरीच टिकली, पण स्नायूंचा आकार टिकला नाही, एक तृतीयांश मात्रेवरसुद्धा. "बाबा, तुम्हाला दोनांपैकी एकही दिवस चुकवून चालणार नाही, आणि सेट दोन नाही, तीन."

तेव्हापासून बाबा जिममध्ये माझ्यापेक्षा जास्त वेळ असतात. मी टॉवेल उचलून निघालो की ट्रेनरला ऐकू जाईल अशा बेताने म्हणतात, "तू हो पुढे. तुझ्या वयाला तेवढं पुरतं."