नानासाहेब, स्वतंत्र संचालक

चाकणपासून रांजणगावपर्यंत कुठल्याही लिस्टेड कंपनीच्या बोर्डरूममध्ये डोकवा, एखादे नानासाहेब बसलेले दिसतीलच. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त, आवाज भारदस्त, खिशाला दोन पेनं आणि दोन्हीही सहीपुरती. बैठकीत त्यांच्या तोंडून साधारण तीन वाक्यं निघतात. ‘छान प्रेझेंटेशन झालं.’ ‘कंप्लायन्सकडे लक्ष असू द्या.’ आणि जेवणानंतर, ‘पुढची बैठक शनिवारी नको.’

नानासाहेब तिथे का, तर कायदा म्हणतो म्हणून. २०१३च्या कंपनी कायद्याप्रमाणे लिस्टेड कंपनीच्या बोर्डावर किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र हवेत. म्हणजे मालकाशी नातं नको, कंपनीशी पैशाचे व्यवहार नकोत, नातलगांसकट दोन टक्के शेअरही नकोत. स्टॉक ऑप्शन तर त्यांना मिळूच शकत नाहीत. बैठकीची फी मिळते, ती बैठकीमागे फार तर एक लाख. नानासाहेब या सगळ्या कसोट्यांना उतरतात. मालकाला आधीपासून ओळखत नसणे ही त्यांची मुख्य पात्रता, आणि ओळख झाल्यावर त्याला कधी न दुखावणे ही त्यांनी स्वतः कमावलेली.

त्यांच्या समोर एमडी बसतात. ते कार्यकारी संचालक, म्हणजे पगारी. सकाळी नऊला कारखान्यात हजर, चेकवर सही त्यांची, काही चुकलं तर पहिलं नावही त्यांचंच. शेजारी फायनान्स डायरेक्टर, तेही पूर्णवेळ. कोपऱ्यात एमडींचे काका. काका रोज कामावर येत नाहीत, पगार घेत नाहीत, त्यामुळे बिगर-कार्यकारी. पण कंपनी काढणाऱ्यांतले एक, म्हणून प्रवर्तक. काकांची पक्की समजूत आहे, की आपण काही करत नाही त्याअर्थी आपल्याला कोणी काही करणार नाही. शेवटच्या खुर्चीवर कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेने पाठवलेल्या मॅडम, नॉमिनी डायरेक्टर. सगळे त्यांना ‘बँकवाल्या मॅडम’ म्हणतात आणि त्या आल्या की आवाज खाली येतो. त्याही बाहेरच्याच, पण कायद्याने नॉमिनीला ‘स्वतंत्र’ म्हणत नाहीत. त्यांना पाठवणारा कोणीतरी आहे ना! गंमत अशी, की पाठवलं कोणीही असो, खुर्चीवर बसल्यावर कर्तव्य कंपनीशीच. हेड ऑफिसने सांगितलं म्हणून कंपनीचं नुकसान होईल असं मत देता येत नाही. मॅडमना हे ठाऊक आहे. हेड ऑफिसला तितकंसं नाही.

एका संध्याकाळी एमडींचा फोन आला. ‘नानासाहेब, पाच मिनिटांचं काम आहे. उद्या व्हिडिओवर या.’

बैठकीची नोटीस सात दिवस आधी द्यावी लागते. तातडीचं काम असेल तर कमी मुदतीत चालतं, पण तेव्हा किमान एक स्वतंत्र संचालक हजर हवा. नसला, तर निर्णय सगळ्यांकडे पाठवून एका तरी स्वतंत्र संचालकाने मान्य केल्यावरच तो पक्का होतो. म्हणजे त्या पाच मिनिटांत नानासाहेब फुलदाणी नव्हते, किल्ली होते. हे एमडींना माहीत होतं.

विषय असा होता. एका बिल्डरच्या कंपनीला अठरा कोटींची ठेव द्यायची, एक वर्षासाठी, चार टक्क्यांनी. बिल्डर एमडींचा गोल्फमधला दोस्त. नातेवाईक नाही, त्यामुळे ‘संबंधित व्यक्ती’ची भानगड नाही. कागदपत्रं २१४ पानांची, आदल्या रात्री साडेअकराला आलेली. व्याजदर १४३ व्या पानावर. नानासाहेबांनी फाइल डाउनलोड केली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. उघडली नाही.

आता अशी ठेव म्हणजे कर्जच, आणि कायद्यातली गोष्ट अशी, की कंपनीने दुसऱ्या कंपनीला कर्ज द्यायचं तर ठराव बैठकीत हजर असलेल्या सगळ्या संचालकांच्या संमतीने व्हावा लागतो. सगळ्यांच्या! बहुमत नाही. एकाने ‘नाही’ म्हटलं की विषय संपला. शिवाय तितक्याच मुदतीच्या सरकारी रोख्यांवर जे व्याज मिळतं, त्याहून कमी व्याजाने असं कर्ज देता येत नाही. तेव्हा रोख्यांवर जवळपास सात टक्के मिळत होते. एवढा एक प्रश्न विचारला असता तरी पुरे होतं. ‘चार टक्केच का हो?’

नानासाहेब म्हणाले, ‘कंप्लायन्सकडे लक्ष असू द्या.’ काका म्यूटवर होते आणि म्यूटवरच राहिले. मॅडमनी रजा कळवलेली होती. सेक्रेटरीने लिहिलं, ‘सर्व उपस्थित संचालकांच्या संमतीने मंजूर.’

पंधरा दिवसांच्या आत इतिवृत्ताचा मसुदा सगळ्यांना गेला. दुरुस्ती सुचवायला सात दिवस असतात. नानासाहेबांनी सुचवली. त्यांच्या नावापुढे ‘निवृत्त’ हा शब्द राहिला होता. मॅडमनी मात्र वाचून त्याच दिवशी तीन ओळींची मेल टाकली. व्याजदर कायद्याच्या खाली आहे, बिल्डरचा ताळेबंद जोडलेला नाही, माझा आक्षेप नोंदवावा.

वर्षभराने बिल्डर बुडाला आणि कंपनी निबंधकांची नोटीस आली. अशा कर्जाच्या कलमात कसूरदार अधिकाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद लिहिली आहे. नानासाहेबांनी तो परिच्छेद उभ्यानेच वाचला. एरवी ते काही वाचायचं तर आधी चष्मा शोधत.

वकिलाकडे जाताना त्यांच्या खिशात एक कागद होता. स्वतंत्र संचालक आणि प्रवर्तक नसलेला बिगर-कार्यकारी संचालक यांना कायद्याने दिलेलं संरक्षण त्यावर होतं. वकिलाने तो शांतपणे पुढे वाचायला लावला. संरक्षण आहे, पण बोर्डाच्या कामकाजातून ज्याची माहिती होती आणि जे संमतीने झालं किंवा दक्षता न घेतल्याने झालं, तिथे जबाबदारी येते.

‘कागद मिळाले होते?’

‘हो.’

‘संमती दिली?’

‘मी काही बोललो नाही.’

‘तीच.’

एमडी आणि फायनान्स डायरेक्टर यांचं काय होणार यावर चर्चाच नव्हती. पूर्णवेळ संचालक कसूरदारांच्या यादीत पदानेच बसतात. काकांना धक्का बसला. ते बिगर-कार्यकारी खरे, पण प्रवर्तक, आणि ती ढाल प्रवर्तकाला नाही. मॅडम बैठकीत नव्हत्या. इतिवृत्त मिळाल्यावर कळूनही गप्प राहिल्या असत्या तर त्याही अडकल्या असत्या. त्यांच्या वकिलाने उत्तराला तीन ओळींची मेल जोडली आणि चहा मागवला.

अशा पंगतीत नानासाहेब एकटे नाहीत. २००८च्या डिसेंबरात सत्यमच्या बोर्डाने अध्यक्ष रामलिंग राजूंच्या मुलांच्या मायटास कंपन्या विकत घ्यायला मंजुरी दिली, तेव्हा त्या बोर्डावर हार्वर्डचे प्राध्यापक होते आणि पेंटियम चिपचे जनकही. भागधारक खवळले आणि काही तासांतच तो बेत गुंडाळावा लागला.

नानासाहेबांनी राजीनामा दिला. त्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहिलं, तेव्हा सेक्रेटरीने सांगितलं, की सविस्तर कारणं शेअर बाजाराला कळवावी लागतात आणि याखेरीज महत्त्वाचं दुसरं कारण नाही असंही लिहून द्यावं लागतं. शिवाय राजीनाम्याने पुढचं सुटतं, मागचं नाही.

दुसऱ्या एका कंपनीत ते अजून आहेत. तिथे आता परिशिष्टं वाचून येतात. मागच्या बैठकीत कँटीनच्या कंत्राटदाराचा ताळेबंद मागितला, तातडीच्या बैठकीला ‘नोटीस सात दिवसांची द्या’ म्हणाले आणि तेथल्या एमडींच्या मेहुण्याच्या गोदामाचं भाडं बाजारभावाशी ताडून पाहिलं. पाच वर्षांची मुदत मार्चमध्ये संपते. दुसऱ्या मुदतीसाठी भागधारकांचा विशेष ठराव लागतो. तो कार्यक्रमपत्रिकेत आलेला नाही. तिथला सेक्रेटरी सांगत होता, की एमडी सध्या स्वतंत्र संचालकांची सरकारी डेटाबँक उघडून बसलेले असतात. अनुभवी माणूस हवाय. शांत स्वभावाचा.