सोळावा अध्याय आटवावा कसा

प्रथम एक मोठा ग्रंथ घ्यावा. आमच्या मंडळाने ज्ञानेश्वरी घेतली, कारण सप्ताहाच्या कपाटात तीच होती. तिच्या सोळाव्या अध्यायात सुमारे पावणेपाचशे ओव्या आहेत आणि सुरुवातीलाच माउलींनी दैवी संपत्तीचे सव्वीस गुण एकेक करून फोडून सांगितले आहेत. मूळ गीतेत हे सव्वीस गुण अवघ्या तीन श्लोकांत बसतात. तरीही "पोरांना हे तोंडपाठ पाहिजे, आणि गाऊन पाहिजे," असा ठराव गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या भजन मंडळात झाला. ठराव करणाऱ्यांना चाल लावता येत नसल्याने काम पेटीवाल्याकडे आले. पेटीवाला म्हणजे मी.

गीतेचेच श्लोक का नाही गायचे, असे विचारणारे भेटतील. त्यांना 'ज्ञानयोगव्यवस्थिती' एकदा म्हणून दाखवायला सांगावे. या एका गुणाला आठ अक्षरे, म्हणजे अनुष्टुभाचा अख्खा चरण लागतो आणि दान, दम यांना दोन दोन. असा असमान माल पोरांच्या डोक्यात रचला की ढीग कलंडतो. म्हणून आटवताना पहिले काम कापण्याचे नसून सारख्या मापाच्या जुड्या बांधण्याचे असते.

जुड्या बांधायला ग्रंथातच खाचा शोधाव्यात. इथे त्या तयार मिळाल्या: पहिल्या श्लोकात नऊ गुण, दुसऱ्यात अकरा, तिसऱ्यात सहा. आता ध्रुपद. इथे शंभरातले नव्वद चालकार घसरतात. ते ध्रुपदात देवाचे नाव घालतात, डोळे मिटतात आणि समाधान पावतात. नाव गोड असते, पण त्यातून काय विसरले ते कळत नाही. ध्रुपदाने मुनीमाचे काम करावे, दर फेरीला हिशोब तपासावा. आमचे ध्रुपद असे झाले:

नऊ अकरा सहा
सव्वीस गुण पहा

यात भक्तिरस नाही, अशी तक्रार आली. ती नोंदवून घेतली. आधी ओळ 'नऊ अकरा नि सहा' अशी होती. आठ अक्षरे आणि भजनी ठेक्याच्या आठ मात्रा, कागदावर तंतोतंत. गायला बसलो तर तिसऱ्या फेरीला सगळ्यांचा दम तुटला, कारण श्वास घ्यायला जागाच ठेवली नव्हती. 'नि' काढला. मग 'हा' दोन मात्रा चालतो आणि त्याच्या शेपटीला श्वास घेता येतो. जमाखर्चात एक अक्षर तोट्यात गेले, पण गाणारे जगले.

सुरांच्या बाबतीत कंजुषी करावी. ध्रुपदाला सा, ग, प अशी झेप द्यावी आणि म, ग करत उतरावे. पहिली ओळ रिषभावर अर्धवट सोडावी, दुसरी षड्जावर मिटवावी. अर्धवट ओळ कानात खुपत राहते, म्हणून पुढची आपोआप येते. चरण मात्र सा, रे, ग या तीन सुरांत, बोलल्यासारखे म्हणावेत. चरणातही तान मारली तर ध्रुपद वेगळे कळत नाही. सिनेमाची चाल अजिबात घेऊ नये. आम्ही घेतली होती. ऐन रंगात खंजिरीवाल्या काकांच्या तोंडून मूळ गाण्याचे शब्द आले आणि काकूंनी त्यांच्याकडे जे पाहिले, ते सव्वीसांपैकी कुठल्याच गुणात बसत नव्हते.

आता चरण. पहिल्या श्लोकातले नऊ गुण आम्ही असे बसवले:

अभय मन निर्मळ
ज्ञानी स्थिरता अढळ
दान दम यज्ञ पाठ
तप नि सरळ वाट

अक्षरे मोजताना जिभेवर विश्वास ठेवू नये. बोलताना 'दान' एका झटक्यात जातो, गाताना 'दा' आणि 'न' दोन्ही उघडतात. त्यामुळे बोटांवर अक्षरे मोजावीत, दर ओळीला आठ. स्वाध्यायाचा 'पाठ' झाला, आर्जवाची 'सरळ वाट' झाली. पुढे 'ह्री' आला. तो आठ जणांनी एकदम म्हटला की कोणी ढोर हाकतो आहे असे वाटे, म्हणून त्याची सरळ 'लाज' केली. लाज सगळ्यांना येते.

सर्वांत मोठा अपघात तिसऱ्या कडव्यात झाला. तिथे 'शौच' हा गुण आहे. पोरे हसतील म्हणून मी तिथेही 'निर्मळ' घातला. पहिल्या ओळीचा शेवटही 'निर्मळ'. पहिल्याच रात्री मंडळ तिसऱ्या कडव्यातल्या 'निर्मळ'वर पोचले आणि तिथून सरळ 'ज्ञानी स्थिरता अढळ'मध्ये शिरले. मग पुन्हा दुसरे कडवे, पुन्हा तिसरे, पुन्हा निर्मळ. ध्रुपद येईना, शेवट येईना. रहाटाला जुंपल्यासारखे आम्ही फिरत होतो आणि ज्याच्या लक्षात आले तोही थांबेना, कारण थांबणारा चुकला असे दिसले असते. वीज गेली तेव्हा सुटलो. तेव्हापासून नियम केला: एका भजनात यमकाचा शब्द दुसऱ्यांदा येऊ द्यायचा नाही. तिसऱ्या कडव्यात आता 'स्वच्छता' आहे.

एवढ्यावरही क्रम डळमळतो. त्यावर वैदिकांचा जुना तोडगा आहे. क्रमपाठात पहिला-दुसरा शब्द, मग दुसरा-तिसरा, मग तिसरा-चौथा असे जोडीने म्हणतात. आम्ही ओळींची तशी साखळी केली. दोन ओळी म्हणून थांबायचे, मग मागची दुसरी धरून पुढची जोडायची. कंटाळा येतो. तो येईपर्यंत करावे आणि आल्यावर आणखी चार वेळा. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी-खंजिरीशिवाय म्हणून पाहावे. वाद्याबरोबर सगळ्यांनाच येते, शेजारच्याच्या तोंडाकडे पाहून.

या कृतीने नावे आणि क्रम येतो, अर्थ येत नाही. पाठ घेताना मी पाचवीतल्या एका पोराला विचारले, "दम म्हणजे काय गा?"

"दम देतेत नं जी, तो."

"आणि आधी दान काहून आलं?"

"आधी वर्गणी मागाची. नाही देल्ली तर दम."

मंडळाचे खजिनदार मान डोलावत होते. इंद्रियांना आवर घालणे म्हणजे दम, हे मी नंतर सांगितले, पण 'संयम' घालून ओळ दुरुस्त करता आली नाही. एक अक्षर वाढत होते.

खरी परीक्षा मात्र सभामंडपात घेऊ नये. रोवणीला जावे. वाकून, चिखलात पाय रुतलेले असताना जी ओळ एका श्वासात निघते तीच टिकते. आषाढात आमच्या बांधीवर बायांच्या रांगेतून माझे ध्रुपद ऐकू आले तेव्हा मी धुऱ्यावर उभा राहून घेतले. चाल तीच होती, झेप तीच होती, रिषभावरचा थांबाही तोच. जवळ गेल्यावर शब्द कळले:

नऊ अकरा सहा
सव्वीस जुड्या पहा

पऱ्ह्यांच्या जुड्या तीन जणींनी वेगवेगळ्या आणून टाकल्या होत्या आणि म्होरकीण मोजत होती. मोजून झाल्यावर ती धुऱ्याकडे वळली.

"पंचवीसच भरल्या जी. तुमच्या गाण्यात एक जास्त हाये."