नाळे बा

आमच्या कर्नाटकात एका भुताची गोष्ट सांगतात. ते रात्री दारात यायचं आणि घरच्याच कुणाच्या तरी आवाजात हाक मारायचं. दार उघडलं की कारभार आटोपला. लोकांनी शेवटी दारावर खडूने ‘नाळे बा’ लिहून ठेवलं, म्हणजे ‘उद्या ये’. भूत सज्जन असावं. वाचून परत जायचं आणि दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तेच वाचायचं.

कलघटगीत राहून या मंत्राचा सर्वाधिक वापर कुणी केला असेल तर तो मी. आमचं गाव हुबळी-कारवार रस्त्यावर, लाकडी रंगीत पाळण्यांसाठी नावाजलेलं. पाळणे करणारे हात वेगळे. मी फक्त फोनवर ऑर्डर घेतो आणि नंतर फोन घेत नाही. रंग वाळायला वेळ लागतो, कारागिराच्या घरी लग्न निघतं, आणि मूल काही पाळण्यासाठी थांबत नाही. मग बाळाचे आजोबा फोन करतात, आत्या करते, शेवटी बाळाचा बाप करतो. मी म्हणतो, “नाळे बा री.”

अडचण एवढीच की अनोळखी नंबर दिसला की नवं गिऱ्हाईक आहे, जुनं चिडलेलं गिऱ्हाईक आहे की क्रेडिट कार्डवाली पोरगी, हे कळायचं नाही. मेहुणा म्हणाला, “भावजी, नाव दाखवणारं ॲप टाका की.” त्याने फाइल पाठवली. अर्ध्या गावाने तीच फाइल घेतली होती. या जातीतलं सगळ्यांत प्रसिद्ध ट्रूकॉलर. ॲलन मामेदी आणि नामी झरिंगहलाम यांनी 2009 साली स्टॉकहोमला सुरू केलेलं, आणि आज भारत ही त्याची सगळ्यांत मोठी बाजारपेठ. माझं ॲप ते नव्हे. माझं मेहुण्याचं. लोकांच्या खासगी संपर्कयाद्या जाहीर करणाऱ्या ॲपला गूगलच्या प्ले स्टोअरवर मनाई आहे, आणि माझी फाइल प्ले स्टोअरच्या दारातून आलीच नव्हती. ती मेहुण्याच्या खिडकीतून आली.

ॲपने विचारलं, संपर्क वाचू का? मी Allow दाबलं. पुढे आणखी चार प्रश्न आले, त्यांनाही Allow दाबलं. लग्नात भटजी ‘मम म्हणा’ म्हणतात तेव्हा आपण अर्थ विचारतो का?

पहिले दोन दिवस मी राजा होतो. फोन वाजायच्या आत पडद्यावर नाव. ‘लोन एजंट’ आला, कापला. ‘पाळणा बेळगाव चिडलेले’ असं काही येत नव्हतं, पण आडनाव दिसलं तरी मला पुरे होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला अण्णा आला. दूध न घालता दारात उभा राहिला.

“सर, हालाग नीरु हाकतीनेन्री?”

दुधात पाणी घालतो का, हा प्रश्न त्याने स्वतःच विचारावा याचं मला आश्चर्य वाटलं. तो प्रश्न आमच्या घरी रोज विचारला जातो, पण त्याच्यामागे. हळूहळू उलगडा झाला. बँकेत बदलून आलेल्या एका साहेबांना अण्णाने रतीब लावण्यासाठी फोन केला. साहेबांच्या पडद्यावर नाव आलं: ‘दूध पाणी अण्णा नवीन’. साहेबांनी पिशवीतलं दूध लावलं आणि अण्णाला कारणही सांगितलं.

“‘दूध पाणी’ मराठी आहे,” अण्णा कानडीत म्हणाला. “आमच्या ओळीत मराठी घरं तीन. एका घरी मी दूध घालत नाही. एका घरच्या आजींकडे फोन नाही.” व्योमकेश बक्षीने याहून काय केलं असतं?

मी फोन करून हुबळीच्या भाच्याला बोलावून घेतलं. तो कॉम्प्युटरच्या कामात आहे, आणि घरातल्या मोठ्यांशी तो शिरा ताणून सौम्यपणे बोलतो.

“मामा, त्या ॲपला नावं कुठून कळतात असं तुम्हाला वाटलं होतं?”

मला वाटलं होतं, टेलिफोन खात्याकडून. पूर्वी जाड डिरेक्टरी यायची, तसलंच काहीतरी.

“डिरेक्टरी तुम्हीच आहात,” तो म्हणाला.

प्रकार असा. आपण परवानगी दिली की ॲप फोनमधली वही उचलून कंपनीच्या सर्व्हरवर नेतं. कुणी नंबर शून्य लावून ठेवलेला असतो, कुणी +91 लावून, कुणी मध्ये जागा सोडून. ते सगळे आधी एका साच्यात बसवले जातात, म्हणजे एक माणूस एक नंबर. मग त्या नंबरापुढे ज्याने ज्या नावाने ठेवलं असेल ती सगळी नावं जमा होतात. ज्याला जास्त मतं, ते नाव निवडून येतं. पुढे तो नंबर कुणालाही फोन करो, समोरच्याचं ॲप घंटा वाजता वाजता सर्व्हरला विचारतं आणि निवडून आलेलं नाव पडद्यावर टाकतं. म्हणजे कुणाला कुणाचा फोन किती वाजता आला, हेही सर्व्हरला आपोआप कळतं. ते सांगायला वेगळा माणूस ठेवावा लागत नाही.

“पण मग माझं एकट्याचं मत कसं निवडून आलं?”

अण्णाने महिन्यापूर्वी नंबर बदलला होता. नवा नंबर ठेवणाऱ्यांत ते ॲप असलेला मी एकटा. बिनविरोध निवडणूक.

भाच्याने मला वही उघडायला लावली. आठशेबारा नावं. मी माणसांना नावाने ठेवत नाही, गुणाने ठेवतो. ‘बुडव्या सागवान’. ‘नको उचलू’. ‘नको उचलू 2’. ‘मूळव्याध डॉक्टर’. डॉक्टरांच्या बाबतीत धोका नाही, मी म्हणालो, त्यांना शेकडो रोग्यांनी ‘डॉक्टर’ म्हणून ठेवलं असेल, माझं मत पडलं. भाचा म्हणाला, “पडलं, पण गेलं नाही. दाखवायला दुसरं नाव, पण तुमच्या खात्यावर नोंद तीच. हा गृहस्थ मूळव्याधीच्या डॉक्टरांना ओळखतो.” मी खुर्चीत जरा सावरून बसलो.

“कंपनी म्हणते की नंबर गुप्त खुणेत बदलून पाठवतो,” मी ॲपमधलं वाचून दाखवलं. त्याने कागदावर हिशेब केला. आपले मोबाइल नंबर दहा आकडी, सुरुवात 6, 7, 8 किंवा 9 ने. म्हणजे होऊन होऊन किती, तर 400 कोटी. कॉम्प्युटरला ते सगळे नंबर ओळीने घेऊन प्रत्येकाची खूण काढून ठेवायला फार वेळ लागत नाही. मग कुठलीही खूण आली की यादीत बघायचं. कुलूप चांगलं आहे, पण गावात किल्ल्याच मोजक्या.

“आणि हा ‘एटीएम मामा’ कोण?”

मी गप्प. आमच्या घराण्यात त्या नावाचे मामा नाहीत. कार्डाचा पिन विसरू नये म्हणून तो मी एका खोट्या नंबराच्या शेवटच्या चार आकड्यांत दडवला होता. ही युक्ती माझीच, असा मला पाच वर्षं अभिमान होता.

“मामा, असे मामा निम्म्या देशाच्या फोनात असतात.”

त्याच दुपारी एटीएमवर जाऊन पिन बदलला. मागे रांगेत अण्णा उभा होता.

ॲप काढून टाकलं की झालं, असं मला वाटत होतं. फोनवरून ॲप गेलं म्हणजे फक्त डोळा गेला, वही गेली ती गेलीच. नाव काढून टाकायची सोय अशा कंपन्या देतात, पण ज्याचा नंबर त्याने अर्ज करायचा. म्हणजे उपद्व्याप माझा आणि अर्ज आठशेबारा जणांनी करायचे. अण्णाकडे बटणांचा फोन आहे. त्यावर ॲप चालत नाही, अर्जही भरता येत नाही. स्वतःचं नाव काय पडलंय हेसुद्धा त्याला दुसऱ्याच्या पडद्यावरूनच कळणार. मी त्याच्या वतीने अर्ज भरू का म्हणालो. “बेड री,” तो म्हणाला. नको.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल सुप्रीम कोर्टाने 24 ऑगस्ट 2017 ला दिला, आणि त्या खटल्यातले अर्जदार पुट्टस्वामी आमच्याच कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती. भाच्याने हे सांगितल्यावर मला प्रांताभिमान वाटला. तो फार टिकला नाही. 2023 चा माहिती संरक्षणाचा कायदा माणसाच्या घरगुती वापराला लागू नाही, म्हणजे माझ्या खिशातल्या वहीत मी अण्णाला काहीही म्हणावं. वही कंपनीकडे गेली की संमतीचा प्रश्न येतो. Allow मी दाबलं होतं. अण्णाने काय दाबलं होतं? माझ्या दारावरची बेल.

“यापेक्षा सरकारनेच खरी नावं दाखवावीत,” मी म्हणालो. तशी योजना आहेच. 23 फेब्रुवारी 2024 ला ट्रायने शिफारस केली, की फोन कंपन्यांच्या जाळ्यातूनच नाव यावं, आणि ते सिम घेताना भरलेल्या फॉर्मवरचं असावं. कुणाची वही वाचायला नको. मी खूश झालो. मग आठवलं, माझं सिम वडिलांच्या कागदपत्रांवर घेतलेलं आहे. वडिलांना जाऊन नऊ वर्षं झाली. म्हणजे गिऱ्हाइकाला माझा फोन गेला की पडद्यावर बाबा येणार, आणि आवाज माझा. ते भूत निदान ओळखीच्या आवाजात तरी हाक मारायचं.

शेवटी भाचा म्हणाला, “स्वतःचा नंबर शोधलात का कधी?”

शोधला नव्हता. मीच लोकांना बघायचं, असं गृहीत धरलं होतं. त्याने त्याच्या मित्राच्या फोनवर माझा नंबर टाकला. वाटलं ‘पाळणेवाले’ येईल, गेला बाजार नुसतं आडनाव. चक्र फिरलं. नाव आलं: ‘नाळे बा पाळणा’.

हे बिनविरोध नव्हतं. बेळगावपासून कारवारपर्यंत, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी आपापल्या वहीत मला हेच नाव दिलं होतं. कानडी आणि मराठी गिऱ्हाइकांचं इतकं एकमत मी सीमाभागात दुसऱ्या कशावर पाहिलेलं नाही.

मी तडक नाव काढण्याचा अर्ज भरला. नंबर टाकला, आलेला कोड टाकला, कारण विचारलं होतं तिथे ‘बदनामी’वर खूण केली आणि बटण दाबलं. पडद्यावर हिरवी टिकली आली. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, विनंती मिळाली आहे, नाव निघाल्याची खात्री करायला कृपया 24 तासांनी पुन्हा या.