कापण्याआधी विकायचा माठ: एक नियमावली

सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, रत्नागिरी शहरात फोनवर फोटो पाठवून भाजी विकू इच्छिणाऱ्यांसाठी खालील नियम तयार करण्यात आले आहेत. नियम करणाऱ्याने, म्हणजे मी, आयुष्यात एक जुडीही विकलेली नाही. बत्तीस वर्षं कचेरीत टिपण्या लिहिल्या आणि निवृत्तीनंतर भाजी आणायचं खातं माझ्याकडे आलं. नियमांचा आधार आमच्या माळनाक्यावरच्या भाजीवाल्या मावशी. त्या माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान आहेत, पण पाटीमागे बसलेल्या बाईला मावशी म्हणायचं हा नियम माझ्याही आधीचा आहे.

पार्श्वभूमी अशी. रत्नागिरीत भाजी विकणं म्हणजे मिरकरवाड्याशी स्पर्धा. बुधवार, शुक्रवार, रविवार माणसं मासळीकडे बघतात आणि भाजीची आठवण सोमवारी, गुरुवारी आणि संकष्टीला होते. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा भाजीवालीला जरा बरे दिवस, पण तेव्हा पाऊस तिला नाक्यावर बसू देत नाही. कोबी, टोमॅटो, फ्लॉवर आंबा घाट उतरून ट्रकने येतात आणि सगळ्या गाड्यांवर सारखेच दिसतात. मावशींकडे असते ती गावठी भाजी. भात कापून झालं की विहिरीजवळच्या तुकड्यात वाफे करून लावलेला लाल माठ, मुळा, पडवळ, पावटा. 2020च्या टाळेबंदीत नाक्यावर बसता येईना आणि माठ काही टाळेबंदी पाळेना, तेव्हा त्यांच्या मुलाने आपला जुना फोन त्यांच्या हातात दिला. पुढचं शास्त्र त्यांचं, भाषा माझी.

नियम 1. फोटो

फोटो काढण्यापूर्वी फोनची काच पदराने पुसावी. हे फालतू वाटेल, पण मावशींचे पहिले आठ-दहा फोटो असे होते की माठ आहे की धुक्यातला आंबा घाट, कळत नसे. वाफ्यात काम केलेल्या बोटाने फोन धरला की चिखल आणि तेल नेमकं त्या काचेवर बसतं.

फोटो संध्याकाळी पाचच्या सुमारास, तिरप्या उन्हात काढावा. भर दुपारी लाल माठ पांढुरका दिसतो, ट्यूबलाइटखाली काळा दिसतो, आणि फ्लॅश मारला तर प्लॅस्टिकचा. एका फोटोत एकच भाजी घ्यावी. दहा भाज्यांचा एकत्र फोटो पाठवला की गिऱ्हाईक त्याला "छान" म्हणतं आणि काहीही मागवत नाही. हे मी स्वानुभवाने सांगतो. त्या "छान"वाल्यांत मी अग्रभागी होतो.

जुडीशेजारी हात दिसला पाहिजे. मावशी जुडी डाव्या मुठीत धरून फोटो काढतात, हिरव्या बांगड्यांसकट. त्यामुळे "जुडी केवढी?" हा प्रश्न बंद झाला. रोज तीच मूठ असते, त्यामुळे जुडी बारीक झाली तर सगळ्यांना कळतं. पहिल्यांदा कळतं ते मावशींनाच. खरी गोम तिथे आहे.

फोटोसाठी भाजीवर पाणी मारू नये. थेंब सुंदर दिसतात, पण ओली जुडी बांधून ठेवली की आतून काळी पडून चिकट होते, आणि दुपारी फोटो यायला लागतात ते गिऱ्हाइकाचे.

पानाला भोक असेल तर दिसू द्यावं. एकदा मी चष्मा लावून, भोकाभोवती लाल गोल काढून फोटो परत पाठवला होता. उत्तर आलं, "काका, किड्याने खाल्लान म्हणजे औषध नाय मारलेलं." तेव्हापासून भोक असेल त्या दिवशी त्या आधीच लिहितात, "आज पानाला भोकं हायत." तक्रार करायला मला जागाच ठेवली नाही.

नियम 2. मजकूर

मजकुरात चार गोष्टी असाव्यात: काय, केवढं, कितीला आणि कधीपर्यंत सांगायचं. त्यांचा एक संदेश नमुन्यादाखल देतो: "उद्या सकाळी. लाल माठ जुडी 20. मुळा जुडी 20. पडवळ पाव किलो 25. रात्री 9 पर्यंत सांगा." उगवता सूर्य, गुलाबाचं फूल आणि सुविचार यांना सक्त मनाई. ते काम आम्ही निवृत्त मंडळी विनामूल्य करतो.

नियम 3. ग्रुप करू नये

मावशींनी आधी ग्रुप केला होता. पहिल्याच दिवशी एकाने सर्वांसमक्ष लिहिलं, "बाजारात 15ला आहे." दुसऱ्या दिवशी एका वहिनींनी जाहीर आभार मानले की मावशींनी मुळ्यावर कोथिंबीर फुकट दिली. झालं! चाळीस जणांना कोथिंबिरीचा हक्क प्राप्त झाला. चौथ्या दिवशी कुणीतरी कुवारबावातला फ्लॅट विकायला काढला, आणि त्या गदारोळात मुळ्याच्या तीन ऑर्डरी वर सरकून गेल्या त्या सकाळी सापडल्या.

ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करावी. एका लिस्टमध्ये 256 माणसं मावतात, संदेश एकदाच लिहायचा, आणि प्रत्येकाला तो आपल्याला एकट्यालाच आल्यासारखा येतो. उत्तरही फक्त मावशींकडे जातं. कोथिंबीर गुप्त राहते. मात्र एक मेख आहे: ज्याच्या फोनमध्ये आपला नंबर साठवलेला आहे, त्यालाच हा संदेश पोचतो. म्हणून नवं गिऱ्हाईक आलं की मावशी भाजी पिशवीत घालण्याआधी त्याला नंबर सेव्ह करायला लावतात आणि नाव दिसेपर्यंत पिशवी सोडत नाहीत. हा नियम वाचकांनी अधोरेखित करावा. मी केला नव्हता.

नियम 4. रात्रीचा हिशेब

माझ्या मते विद्या आहे ती इथे. पूर्वी मावशी पहाटे अंदाजाने चाळीस जुड्या कापून आणायच्या. सकाळच्या अठ्ठावीस जायच्या, उरलेल्या उन्हाने माना टाकायच्या. दुपारी "तीसला दोन घ्या" सुरू व्हायचं, आणि आमच्यासारखे अनुभवी लोक त्या वेळेची वाट बघत नाक्यावरून फेऱ्या मारायचे. त्यातूनही उरलेल्या गुरांना.

आता रात्री नऊला फोन खाली ठेवून त्या वहीत रेघा ओढतात. मी बघितलं त्या दिवशी लिस्टवर चौसष्ट माणसं होती, उत्तरं तेवीस, जुड्या एकतीस. पहाटे कापल्या छत्तीस. वरच्या पाच नाक्यावर येणाऱ्यांसाठी, आणि सकाळी सातला जागे होऊन "माझी एक" लिहिणाऱ्यांसाठी. त्याहून जास्त नाही. वाफ्यात उभा असलेला माठ दोन दिवस सहज थांबतो. कापलेला माठ संध्याकाळचीही वाट बघत नाही. फोटोने गिऱ्हाईक वाढलं असं लोक म्हणतात. मावशी म्हणतात, "गिराईक तेवढंच हाय, टाकायचं कमी झालं."

अर्थात दोन दिवसांचे पाच झाले तर माठ जून होतो, देठ दोरीसारखा होतो. तेव्हा त्या फोटो पाठवतच नाहीत. घाटावरचा कोबी-टोमॅटो त्या नाक्यावर ठेवतात, पण त्याचाही फोटो नाही. "तो माझ्या वाफ्यात नाय, उद्याचा मी काय सांगू?"

नियम 5. पैसे

पैसे आले की नाही हे आपल्या फोनवर बघावं, गिऱ्हाइकाच्या नाही.

नियम 6. गिऱ्हाईक

हा नियम लिहायला मला थोडा वेळ लागला.

एका गुरुवारी रात्री आठ चाळीसला मी दोन जुड्या माठ सांगितला. शुक्रवारी पहाटे शेजाऱ्यांनी मिरकरवाड्याहून आणलेले बांगडे आमच्या दारात दिले, तेही फुकट. बांगडे आणि माठ यांत निवड करायची वेळ आली तर रत्नागिरीचा माणूस काय करतो, हे सांगायला नियमावली लागत नाही. साडेसातला मी लिहिलं, "आज नको." उत्तर आलं, "बरं."

त्या "बरं"चा अर्थ लावण्यात माझे दोन आठवडे गेले. कारण दुसऱ्या दिवसापासून फोटो बंद. सोमवारी नाही, गुरुवारी नाही, संकष्टीलासुद्धा नाही. ही म्हणाली, "नाक्यावर जाऊन विचारा की." मी म्हटलं, चाळीस रुपयांच्या माठासाठी एखाद्याला यादीतून काढतात का? मी एकंदर किती मुळे घेतले असतील याचा हिशेबही केला. रोज संध्याकाळी पाचला, तिरप्या उन्हात, मी फोन बघत बसायचो. कधी काळी जिची वाट बघितली नाही त्या बांगड्यांसकट मुठीची आठवण यायची.

शेवटी गेलो. मावशी पावटा निवडत होत्या. म्हणाल्या, "काका, रागावलात? फोटो पोचलेल्यांत तुमचं नाव येत नाय. म्हटलं, ब्लॉक केलात."

"मी? ब्लॉक? तुम्हीच काढलंत ना मला!"

त्यांनी हात पुढे केला आणि माझा फोन घेतला. नवा होता. त्याच शनिवारी मुलाने पुण्याहून आणून दिलेला, आणि जुन्यातले नंबर नव्यात घ्यायचे राहून गेलेले. त्यात मावशी नावाचं कुणीच नव्हतं. नियम 3, शेवटचा भाग.

त्यांनी स्वतःच नंबर घातला, मग खात्री करायला त्यांच्या फोनवरून मला रिंग दिली. तेवढ्यात त्यांच्या पडद्यावर माझं नाव दिसलं. मावशी गिऱ्हाइकांना नावाने ओळखत नाहीत, खुणेने ओळखतात. यादीत "नाचणे मॅडम कोवळी भेंडी" आहेत, "साळवी स्टॉप देठ नको" आहेत. माझ्या नंबरापुढे होतं, "काका पैसे आधी".

मी काही बोललो नाही. पाव किलो पावटा मागितला आणि त्या तोलायला घेण्याआधीच पैसे पाठवले. मावशींनी आपला फोन उचलून बघितलं, मग तराजू उचलला.