पाकिटाची पाठ दाखवा

नव्या पॅकेजिंग डिझायनरचा पोर्टफोलिओ उघडावा, तर पहिल्याच पानावर परदेशी कॉफीची पिशवी. फुकट मिळालेला मॉकअप, त्यावर मऊ सावली, पुढची बाजू देखणी. मागची बाजू मात्र कुठेच नाही. काम देणारा नेमकी तीच शोधत असतो, कारण कायदा, छपाई आणि अपुरी जागा यांची गाठ तिथेच पडते.

हातात ग्राहक नसेल तर काम स्वतःच ठरवावं, यात गैर काही नाही. पण ग्राहकासोबत अटीही गेल्या तर उरतं ते नुसतं चित्र. म्हणून अटी आधी लिहा. समजा, घरगुती गोडा मसाला, शंभर ग्रॅमचं पाकीट, महिन्याला दोनशे पाकिटांची विक्री. एवढं कागदावर आलं की पहिला निर्णय आपोआप होतो. रंगीत छापलेल्या लॅमिनेट पाऊचला ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर करावा लागतो. तो खर्च मोठ्या संख्येतच भरून निघतो, दोनशे पाकिटांत नाही. म्हणजे बाजारातला तयार कोरा पाऊच घ्यायचा आणि त्याला पुढे-मागे स्टिकर लावायचे. तुमचं काम त्या स्टिकरपुरतं आहे. हे ज्याला कळलं, त्याचा नमुना पहिल्याच ओळीत वेगळा दिसतो.

आता सॉफ्टवेअर उघडण्याआधी मजकूर लिहून काढा. पदार्थाचं नाव, घटकांची वजनानुसार उतरती यादी, निव्वळ वजन, सर्व करांसहित कमाल किंमत, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, कधीपर्यंत वापरावं ती तारीख, उत्पादकाचा पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, एफएसएसएआयचा क्रमांक. इथे बहुतेक जण अडखळतात ते भाषेपाशी. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असावा लागतो. मराठी त्यासोबत देता येते, पण एकटी मराठी चालत नाही. मसाला मराठी घरांत विकायचा असेल तर मागच्या स्टिकरवर दोन भाषा आल्या आणि जागा निम्मी झाली. खरं डिझाइन इथून सुरू होतं: दोन्ही भाषांत काय द्यायचं, एकदाच काय द्यायचं, तक्ता कुठे आणि ओळ कुठे.

शाकाहाराचं हिरवं चिन्हही नजरेच्या अंदाजाने टाकू नका. पाऊचची पुढची बाजू ११ गुणिले १६ सेंटिमीटर धरली तर क्षेत्रफळ १७६ चौरस सेंटिमीटर होतं. १०० ते ५०० या टप्प्यात वर्तुळाचा व्यास किमान ४ मिलिमीटर हवा आणि चौकोनाची बाजू त्याच्या दुप्पट. हे माप पानावर बाण काढून दाखवा.

मसाल्याला विटकरी रंग शोभतो, म्हणून बारकोडच्या रेघाही विटकरी करायचा मोह होतो. स्कॅनरचा प्रकाश बहुधा लाल असतो. त्याला लालसर रेघा पांढऱ्यासारख्याच दिसतात आणि कोड वाचलाच जात नाही. रेघा काळ्या ठेवा. बारीक अक्षरंही फक्त काळ्या शाईत. चार रंगांच्या पार्श्वभूमीतून कोरलेलं पांढरं देवनागरी अक्षर रंग जरा सरकले की बुजतं. अनुस्वार आणि रफार आधी जातात.

मग स्टिकर खऱ्या मापात छापा, पाऊचमध्ये खरोखर शंभर ग्रॅम मसाला भरा आणि चिकटवा. भरलेला पाऊच फुगतो, पडद्यावर सरळ दिसणारी कडेची ओळ वळते, कधी घडीत जाते. ओळखीच्या दुकानदाराला विचारून ते पाकीट इतर मसाल्यांच्या रांगेत ठेवा आणि फोटो काढा. घरातल्या ज्येष्ठांना तारीख वाचायला सांगा. वाचता आली नाही तर अक्षर वाढवा आणि आधीचा स्टिकरही पोर्टफोलिओत ठेवा, शेजारी कारणासकट. मला विचाराल तर हे पान मॉकअपच्या दहा पानांपेक्षा मोलाचं आहे.

यातून एक गोष्ट सिद्ध होत नाही: ऐनवेळी मत बदलणाऱ्या ग्राहकाशी तुम्ही कसे वागता. ती उणीव थोडी भरून काढायची तर मसाला करणाऱ्या एखाद्या काकूंना नमुना दाखवा, त्यांचे आक्षेप लिहून घ्या आणि एक फेरी बदल करा.

नामांकित कंपनीचा लोगो वापरून ते तुमचं काम असल्याचा भास निर्माण करू नका. परवाना क्रमांकही मनाने रचू नका, त्या जागी ‘नमुना’ असं छापा. आणि प्रकल्पाच्या नावाखाली ठळक अक्षरांत लिहा: स्वतः ठरवलेलं काम, ग्राहक नाही.