साहेब, अजून किती वर्षं?

जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं की सोसायटीच्या सभेत हा प्रश्न हमखास येतो. "15 वर्षं बिनधास्त राहा" म्हणणारा इंजिनिअर टाळ्या घेऊन जातो. हा आकडा कोणत्या यंत्रावर दिसला, हे कुणी विचारत नाही.

असं यंत्रच नाही.

दुसरा इंजिनिअर म्हणतो, "आज नाही सांगता येणार." लगेच कुजबुज सुरू. "मग फी कशाची घेतली?"

सवाल रास्त आहे. आणि "नाही सांगता येणार" एवढंच बोलून खाली बसणाऱ्याजवळ त्याचं उत्तर नसतं.

धरा, इमारत 35 वर्षांची. पार्किंगमधल्या एका कॉलमवर रीबाऊंड हॅमर मारला, आकडा झकास आला. खूश व्हायचं? हॅमर फक्त वरच्या थराचा कडकपणा मोजतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये मुरला की तो थर उलट जास्त कडक होतो. मग ताकद खरीपेक्षा दीडपटीपर्यंत दिसू शकते. आणि याच मुरण्यानं काँक्रीटचा अल्कधर्म जातो, म्हणजे आतल्या सळईचं गंजापासूनचं संरक्षण जातं.

हॅमर शाबासकी देतो, तेव्हाच सळई उघडी पडत असते.

म्हणून हाफ-सेल चाचणी. काँक्रीटवर कॉपर सल्फेटचा इलेक्ट्रोड टेकवायचा, तारेचं दुसरं टोक सळईला जोडायचं आणि मिलिव्होल्ट वाचायचे. उणे 350च्या खाली गेलात, तर गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून जास्त. उणे 200च्या वर राहिलात, तर गंज नसण्याची शक्यता तेवढीच. आपल्या कॉलमवर आले उणे 280. आता?

या मधल्या पट्ट्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन मानकात साफ लिहिलंय: अनिश्चित.

मानकाची पत गेली का त्यानं? उलट, दोन्ही टोकांच्या आकड्यांवर विश्वास बसतो तो मधला पट्टा प्रामाणिकपणे रिकामा ठेवला म्हणूनच.

इंजिनिअरनंही सभेत हेच करावं. "हॅमरचा आकडा चांगला आहे, पण या वयाच्या काँक्रीटवर मी एकट्या हॅमरवर भिस्त ठेवणार नाही. गंज चालू आहे की नाही, हे उणे 280 वरून ठरत नाही. कॉलमचं कव्हर फोडून बघावं लागेल आणि कोअर काढून लॅबला पाठवावा लागेल. रिपोर्ट पुढच्या शनिवारी देतो. तोवर या कॉलमजवळच्या बीमखाली टेकू लावा, तिथे गाड्या उभ्या करू नका."

यात कुठे दिसलं अज्ञान? काय कळलं, कुठे अडलं, कशानं सुटेल, कधी सुटेल आणि तोवर काय करायचं, सगळं आलं. "बघू, कळवतो" म्हणणाऱ्याच्या वाक्यात यातलं एकही नसतं. पत जाते ती तिथे.

आणि कव्हर फोडल्यावर दिसतं तरी काय? ताज्या तोडीवर फिनॉलफ्थॅलिन फवारायचं. जिथे अल्कधर्म शाबूत, तिथे काँक्रीट गुलाबी होतं. जिथे गेला, तिथे रंग चढतच नाही. मग पट्टी लावायची. रंगहीन थर 15 मिलिमीटर आणि सळई 40 मिलिमीटरवर, तर कार्बनचं भय सध्या नाही. रंगहीन थर सळईपर्यंत पोचलेला, तर संरक्षण संपलं. सेक्रेटरी, चेअरमन, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, सगळ्यांना डोळ्यांनी दिसतं.

तरी हुरळून जाऊ नका. ही फक्त त्या एका जागेची गोष्ट. गच्चीवरच्या टाकीखालचा कॉलम वेगळा, संडासाच्या गळतीखालचा स्लॅब वेगळा. शिवाय समुद्राच्या खाऱ्या हवेतलं क्लोराइड गुलाबी काँक्रीटमधल्या सळईलाही गंजवतं. त्याची चाचणी निराळी, आणि ती केली नसेल तर रिपोर्टात "केली नाही" असंच छापलं पाहिजे.

रिपोर्टात हे असतं का? बहुतेकदा शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, "काही मर्यादांच्या अधीन राहून" अशा मोघम ओळीत. कोणत्या मर्यादा? कोणत्या कॉलमच्या? त्या ओळीनं इंजिनिअर सुटतो, सोसायटी अडकते.

तेव्हा पुढच्या सभेत "अजून किती वर्षं" ऐवजी दुसरं विचारा. "साहेब, कोणता कॉलम तपासला नाही, आणि का?"

जो कॉलमचा नंबर सांगेल, त्याच्या चेकवर सही करा.