मेलेल्याचे मत आणि परीक्षार्थीचे गुण

कायद्याचा अर्थ लावण्यावरच्या प्रश्नात एक कलम असते, एक खटपट्या इसम असतो आणि दोघांच्या मधे एक फट असते. गुण त्या फटीत असतात. परीक्षार्थी मात्र पहिली दोन पाने तिन्ही नियमांच्या व्याख्या ओतण्यात घालवतो आणि इसमापर्यंत पोचतो तेव्हा घंटा होते.

नमुन्यादाखल इंग्लंडमधला १८६८ चा व्हाइटली विरुद्ध चॅपेल हा खटला घ्यावा. निवडणुकीत 'मतदानास हक्कदार व्यक्ती' असल्याचे सोंग घेणे हा गुन्हा होता. आरोपीने यादीत नाव असलेल्या, पण मरण पावलेल्या माणसाच्या नावाने मत दिले. ही वस्तुस्थिती महाराष्ट्रातल्या परीक्षार्थीला फोड करून सांगावी लागत नाही, एवढे बरे.

प्रथम लिटरल नियम, म्हणजे शब्द जसेच्या तसे. मृताला मताचा हक्क नसतो, म्हणून आरोपीने हक्कदाराचे सोंग घेतलेच नाही. तो सुटतो. हे गंभीर चेहऱ्याने लिहावे. 'हास्यास्पद' हा शब्द इथे खर्च करू नये, कारण पुढच्या परिच्छेदाचे सगळे भांडवल तोच आहे.

गोल्डन नियम हास्यास्पद परिणाम टाळतो. पण तो परिणाम आधी दाखवावा लागतो आणि शब्दाला दुसरा अर्थही पेलला पाहिजे. नुसते 'हे न्याय्य वाटत नाही' एवढे पुरत नाही. १८७२ च्या ॲलन खटल्यात पहिली बायको असताना केलेला विवाह मुळातच रद्द ठरत असल्याने द्विभार्येचा गुन्हा कधी घडलाच नसता. म्हणून 'विवाह करणे' म्हणजे विवाहाचा विधी पार पाडणे, असा अर्थ घेतला गेला. त्याच धर्तीवर 'हक्कदार' म्हणजे यादीत नाव असलेला असे म्हणता येईल. मात्र शब्द इतके ताणले जातात का, अशी शंकाही परीक्षार्थीने स्वतःच काढावी. तपासनीसाने काढली तर तिचे गुण परीक्षार्थीला मिळत नाहीत.

मिसचिफ नियम १५८४ च्या हेडन खटल्यातला. त्यात चार प्रश्न आहेत: आधीचा कायदा काय होता, त्यात कोणता दोष राहिला, संसदेने कोणता उपाय केला आणि का. चारही प्रश्न सुंदर अक्षरात उतरवून उत्तर एकाचेही न देणे ही जुनी परंपरा आहे, ती मोडावी. इथे दोष म्हणजे दुसऱ्याच्या नावाने मत टाकणे. तो दुसरा जिवंत आहे की नाही याने दोष कमी होत नाही. आरोपी अडकतो.

आता निष्कर्ष. हे तीन नियम पायऱ्या नव्हेत. न्यायालयाने ते क्रमाने चढलेच पाहिजेत असे नाही. शिवाय कलम फौजदारी असेल तर संशयाचा फायदा आरोपीला, हे वजन लिटरल नियमाच्या पारड्यात पडते. एवढे लिहून झाल्यावर खरा निकाल द्यावा: न्यायालयाने शब्दांना धरून दोषसिद्धी रद्द केली.